नेत्रदान : संकल्प आणि शंका



७ डिसेंबर १९०५ रोजी मोराविया प्रांतातील ओलोमोउत्स या गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी एका मजुराच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली. चुन्याने भाजून त्याचे दोन्ही डोळे निकामी झाले होते. त्याच सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलाचा डोळा लोखंडाचे कण घुसल्यामुळे काढावा लागला होता. पण त्या डोळ्याचा दर्शनी पारदर्शक पडदा मात्र शाबूत होता. तो मजुराच्या डोळ्यांवर बसवण्यात आला. एका डोळ्यात प्रयत्न फसला, दुसऱ्यात यशस्वी झाला, आणि तो मजूर पुन्हा कामाला लागला.

या पडद्याला पारपटल म्हणतात. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. इजा झाल्याने वा जंतुसंसर्गाने तो पांढुरका झाला, की 'डोळ्यात फूल पडले' असे आपण म्हणतो. नेत्रदानाचा उपयोग प्रामुख्याने अशाच अंधत्वावर होतो. दृष्टिपटल किंवा दृष्टिचेता निकामी झाली असल्यास नव्हे.

आज हे पारपटल मृत व्यक्तीकडून मिळते. नेत्रदानाने चेहरा विद्रूप होईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. वस्तुतः बहुधा केवळ पारपटलच काढतात. पूर्ण डोळा काढला तरी खोबणीत कृत्रिम आधार बसवून पापण्या मिटवतात. हे काम वीस-पंचवीस मिनिटांत घरीच उरकते, त्यामुळे अंत्यविधी खोळंबत नाही. 'पुढच्या जन्मी आंधळे व्हावे लागेल' असे म्हणणाऱ्या आजीला एवढेच विचारावे, की देहाबरोबर डोळेही अग्नीत जातात किंवा मातीत मिसळतात. मग दिलेल्याच डोळ्यांची उणीव का भासावी?

चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा मधुमेह यांमुळे सहसा अडचण येत नाही. रेबीज, एड्स, कावीळ 'ब' व 'क' यांसारखे संसर्ग असल्यास मात्र डोळे घेतले जात नाहीत. म्हणूनच दात्याच्या रक्ताचा नमुना तपासतात.

खरी अडचण निराळीच आहे. संकल्पपत्र पेटीत राहते आणि मृत्यूच्या क्षणी ते कोणालाच आठवत नाही. पारपटल साधारणतः सहा तासांच्या आत काढावे लागते, आणि संमती द्यायची असते ती जवळच्या नातलगांनी. म्हणून घरातील माणसांना पुढील गोष्टी ठाऊक हव्यात : नेत्रपेढीला तत्काळ कळवावे, मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा, म्हणजे पारपटल सुकत नाही.

तुमचे वय अठराच्या आत असल्याने तुमच्या स्वाक्षरीला कायद्याचे बळ नाही. तेव्हा आजचा संकल्प कागदावर थांबू देऊ नका. आज रात्री जेवताना हा विषय काढा, वडीलधाऱ्यांच्या शंका ऐका आणि जवळच्या नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.