ओळखीचा अवतार



"काय गं हा अवतार!" असे आपल्या घरांतून म्हणतात ते केस विसकटलेले आणि पदराला हळद लागलेली असली म्हणजे. आता तोच शब्द मोबाइलच्या कृपेने उलट्या अर्थाने परत आला आहे. व्यवसायाच्या पानावर फोटोच्या जागी मोजक्या रेषांचे आणि सपाट रंगांचे नीटनेटके चित्र लावतात, त्यालाही अवतारच म्हणतात. आपल्यापैकी कित्येकजणी घरून शिकवण्या, शिवणकाम, हिशेब असे उद्योग करतात. त्यांतल्या काहींना मी अशी चित्रे काढून दिली, म्हणून चिटणीसबाईंनी आज मला उभे केले आहे.

एकच उदाहरण घेते. आपल्या परिचयाच्या एक भगिनी घरोघरी जाऊन फिजिओथेरपीचे व्यायाम करवून घेतात. त्यांनी तयार साच्यातून एक अवतार जुळवून लावला होता. डोळ्यांचे दहा प्रकार, नाकांचे दहा प्रकार, त्यांतून निवडायचे. एके दिवशी त्या नव्या ठिकाणी गेल्या, तेव्हा तिथल्या आजींनी दाराच्या साखळीआडून फोनमधले चित्र पाहिले, समोरच्या बाईंकडे पाहिले आणि दार लावून घेतले. एकट्या राहणाऱ्या आजींनी केले ते योग्यच केले, असे मी म्हणेन. चित्रातली बाई देखणी होती, पण ती कोणीही असू शकली असती.

असे का होते? साच्यात नाकडोळे बदलता येतात, पण त्यांच्यामधली अंतरे सहसा ठरलेलीच असतात. चेहऱ्याची ओळख तर बरीचशी त्या अंतरांत असते. साधारणपणे दोन डोळ्यांच्या मधे एका डोळ्याएवढी जागा असते. या बाईंच्या चेहऱ्यात ती थोडी जास्त आहे. भुवया दाट आणि डोळ्यांच्या अगदी जवळ आहेत, नाक आणि वरचा ओठ यांतली जागा तोकडी आहे आणि हसताना ओठाचा डावा कोपरा आधी वर जातो. चारचौघींपेक्षा निराळ्या अशा या चार गोष्टी चित्रात आल्या की बाकी काम सोपे होते. म्हणून पेन्सिल हातात घेण्यापूर्वी मी कागदावर शब्दांत लिहून काढते, की या चेहऱ्यात सर्वसाधारणाहून निराळे काय आहे.

मग फोटो. हात लांब करून स्वतःच काढलेला फोटो या कामाला चालत नाही. कॅमेरा जवळ असला की जवळची वस्तू मोठी दिसते, आणि चेहऱ्यात सर्वांत पुढे असते ते नाक. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला, की पाच फुटांवरच्या फोटोच्या मानाने बारा इंचांवरच्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते. तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी पाच-सहा फुटांवर उभे करा. फोन डोळ्यांच्या उंचीवर धरायचा, आणि जवळ जाण्याऐवजी थोडे झूम करायचे. उजेड खिडकीचा, एका बाजूने येणारा घ्यावा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने डोळ्यांखाली खड्डे दिसतात आणि रंगही खरा येत नाही.

चित्र मी क्रिटा नावाच्या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काढते. त्यात एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे थर असतात. खालच्या थरावर फोटो ठेवून तो निम्मा फिकट करायचा आणि वरच्या थरावर रेषा काढायच्या. आधी फक्त खुणा : डोळ्यांचे कोपरे, नाकाचे टोक, ओठांचे कोपरे, हनुवटी आणि केस कपाळावर सुरू होतात ती रेघ. त्यानंतर भुवया. भुवयांना आपण फारसे मोजत नाही, पण २००३ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी नामवंतांच्या छायाचित्रांतून एकदा डोळे आणि एकदा भुवया पुसून पाहिल्या, तेव्हा भुवयांवाचून ओळखणे लोकांना अधिक जड गेले. म्हणून या बाईंच्या भुवया मी फोटोत आहेत त्याहून किंचित जाडच ठेवल्या. चित्र लहान होणार असते, तेव्हा जे निराळे आहे ते केसभर वाढवावे लागते.

रंगाला तीन छटा पुरतात : मूळची, सावलीची आणि उजेडाची. तिन्ही फोटोतल्या गालावरून उचलाव्यात. कपाळावरून घेऊ नयेत, तिथे चकाकी असते.

आता खरा वाद. बाईंच्या मागण्या होत्या, की नाक जरा बारीक करा, रंग एक-दोन छटा उजळ करा आणि चष्मा काढून टाका. मी तिन्ही नाकारल्या. नाक बारीक केले की त्याच्या दोन्ही बाजूंची अंतरे बदलतात आणि मघाशी धरून ठेवलेली ओळख निसटते. रंगाचे म्हणाल, तर दार उघडणाऱ्याला आधी तोच दिसतो. चष्मा तर त्या दिवसभर लावतात. चष्म्याची वरची कड भुवईला कुठे टेकते, हे मी उलट अधिक काळजीने काढले. मात्र डोळ्यांखालची काळजी हलकी केली, कानापाशी सुटलेले केस आवरले, मागची भिंत सपाट निळसर केली आणि नाकाजवळची हसण्याची रेघ एकच, पण ठेवली. ती पुसली की वय दहा वर्षांनी उतरते आणि माणूसही बदलते. दुसऱ्या दिवशी उरणार नाही ते झाकावे आणि उरणार आहे ते ठेवावे, एवढाच माझा नियम.

चित्र पाहून बाई म्हणाल्या, "ही मी वाटत नाही." त्यांच्या घरातल्यांनी मात्र क्षणात ओळखले. यातही नवल नाही. आपण स्वतःला रोज पाहतो ते आरशात, म्हणजे उलटे. फोटोत भांग दुसऱ्या बाजूला गेलेला दिसला की आपल्यालाच परके वाटते. १९७७ सालच्या एका प्रयोगात स्त्रियांना स्वतःचे आरशातल्यासारखे छायाचित्र अधिक आवडले, आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ छायाचित्र. म्हणून निकाल मैत्रिणींकडून घ्यावा. काही फोन समोरच्या कॅमेऱ्याचा फोटो उलटाच साठवतात, तेही तपासावे. चमकी दुसऱ्या नाकपुडीत किंवा पदर उजव्या खांद्यावर गेला असेल, तर तसे झाले आहे असे समजा.

शेवटची परीक्षा चिंचोक्याची. चित्र गोल चौकटीत कापून चिंचोक्याएवढे लहान करा आणि ज्याला काही सांगितलेले नाही अशा ओळखीच्या माणसाला दाखवून "हे कोण?" एवढेच विचारा. "हे कोणासारखे दिसते?" असे विचारू नका, त्यात उत्तराची सूचना असते. बाईंचे चित्र तिघींना दाखवले. दोघींनी लगेच नाव घेतले, तिसरी अडखळली. पाहिले तर केस आणि मागची भिंत दोन्ही गडद असल्याने डोक्याचा आकारच हरवत होता. भिंत फिकी केली, चेहरा चौकटीत थोडा मोठा घेतला, आणि तिसऱ्या खेपेला दाखवलेल्या शेजारणीने नाव घेतले.

हे चित्र व्यवसायाच्या पानापुरते, व्हॉट्सअॅपपुरते. पासपोर्टासारख्या सरकारी कागदाला खरा फोटोच लागतो. आणि सगळे थर असलेली मूळ फाइल जपून ठेवा. चष्म्याची चौकट बदलली किंवा केस रंगवणे सोडले, तर तेवढाच थर बदलून अर्ध्या तासात काम होते.