पोट दर महिन्याला दुखतं, पण पाळी येत नाही

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले, चहा झाला, आणि मग एका ताईने विचारलं, "पोरगी तेरा वर्षांची झाली, अजून न्हाण आलं नाही, काळजी करू का?" त्यावर बोलता बोलता आमच्याच भागातल्या एका मुलीची गोष्ट निघाली. तिच्या आईने आम्हाला ती रेडिओवर सांगायची परवानगी दिली आहे. मुलीचं नाव आणि गाव मात्र आम्ही सांगणार नाही.

मुलगी आठवीत. साडेतेरा वर्षांची. छाती भरलेली, काखेत केस आलेले, उंचीही वाढलेली. म्हणजे बाकी सगळं वेळेवर, फक्त पाळी नव्हती. आणि तिच्या ओटीपोटात दुखायचं. कळा यायच्या, कंबर धरायची, दोन-तीन दिवस शाळा बुडायची आणि मग आपोआप थांबायचं. घरात आधी जंतांची गोळी झाली. मग गावातल्या डॉक्टरांनी गॅस म्हणून इंजेक्शन दिलं. आजीने ओवा, हिंग, शेक केला. दर वेळी चौथ्या दिवशी मुलगी बरी व्हायची, त्यामुळे दर वेळी त्या वेळच्या औषधाचा गुण आला असंच वाटायचं. या दुखण्यात फसगत होते ती इथेच. जंत, गॅस, मुरडा यांना तारीख माहीत नसते. हे दुखणं तारखेने येतं आणि तारखेने जातं.

तारखा सापडल्या त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. तिच्या आईला दूध, गॅस सिलिंडर, मजुरीचे खाडे असं सगळं त्यावर लिहायची सवय. मुलगी शाळेत गेली नाही की तिथेही फुली. 7 जून, 6 जुलै, 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट. मोजून बघा, मध्ये 29, 27 आणि 29 दिवस पडतात. बाईच्या पाळीचं चक्रच आहे हे. मुलीला पाळी येत होती, फक्त बाहेर येत नव्हती.

हे कसं होतं ते नीट समजून घेऊ. गर्भाशयातून निघालेलं पाळीचं रक्त योनीमार्गातून, म्हणजे मायअंगाच्या वाटेने, बाहेर येतं. त्या वाटेच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो, त्याला योनीपटल म्हणतात. बहुतेक मुलींमध्ये त्याला जन्मापासूनच भोक असतं, म्हणून रक्त निघून जातं. काही थोड्या मुलींमध्ये हे भोक तयारच होत नाही. आईच्या पोटात अवयव घडताना राहून गेलेली ती गोष्ट असते. गरोदरपणात आईने काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, याचा तिच्याशी काही संबंध नाही. लहानपणी त्याचा त्रासही होत नाही, कारण साठायला काही नसतं. पाळी सुरू झाली की पहिल्या महिन्याचं रक्त आत अडकतं, दुसऱ्या महिन्याचं त्यावर येतं. एका पाळीत रक्त जातं ते साधारण अर्धी वाटीच, त्यामुळे सुरुवातीला दुखणं सोसण्यासारखं असतं. योनीमार्ग फुग्यासारखा ताणला जातो, जागा करून देतो. जागा संपत आली की दुखणं वाढतं. मग पुढचे दोन दिवस सोडून मधल्या दिवसांतही ओटीपोट जड राहतं.

या मुलीचं असंच झालं. 31 ऑगस्टच्या दुखण्यात तिची लघवीच बंद झाली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत थेंब नाही, पोट टम्म, मुलगी घामाघूम. आतला रक्ताचा फुगा पुढे मूत्रमार्गावर आणि मागे गुदाशयावर दाबतो, म्हणून लघवी अडते, शौचाला त्रास होतो, कंबर दुखते. लघवी अडली की सकाळची वाट बघायची नसते, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. तिच्या घरच्यांनी जीपने ग्रामीण रुग्णालय गाठलं.

जीपमध्ये बसण्याआधीच एका शेजारणीने आजीच्या कानात कुजबुज केली होती. ओटीपोटात हाताला गोळा लागतोय, पाळी नाही, म्हणजे काय ते समजा! आम्ही हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा मुलींवर हा संशय हमखास घेतला जातो. दवाखान्यात लघवीची गरोदरपणाची तपासणी करतात, तिचा निकाल पाच मिनिटांत कळतो. कोणत्याही वयात आलेल्या मुलीच्या पोटात गोळा असला की डॉक्टर ही तपासणी करतातच, तो आरोप नसतो. हिची तपासणी नाही अशी आली.

ड्युटीवरच्या डॉक्टर बाईंनी आधी नळी घालून लघवी काढली, तेव्हा मुलगी बोलायला लागली. आईने मोबाइलमध्ये कॅलेंडरचा फोटो काढून ठेवला होता, तो दाखवला. तारखा बघून डॉक्टर म्हणाल्या, "मी फक्त बाहेरून बघते, आत काही घालणार नाही. आई इथेच थांबेल." मुलीला पाय दुमडून झोपवलं, बाजूची त्वचा हलकेच बाजूला केली आणि उजेडात पाहिलं. तोंडाशी निळसर-जांभळा पडदा फुगून आलेला होता, मुलगी खोकली की आणखी पुढे यायचा. त्या निळेपणामागे साठलेलं रक्त दिसत होतं. एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात आणि दुखत नाही. मुलींमध्ये बोट घालून तपासायची गरज इथे नसते, हे पोरीला आधी सांगितलं तर ती घाबरत नाही.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या रुग्णालयात पोटावरून सोनोग्राफी झाली. तीत तीन गोष्टी बघतात. साठलेलं रक्त कुठवर आहे, गर्भाशय आहे आणि नीट आहे का, आणि दोन्ही मूत्रपिंडं जागेवर आहेत का. मूत्रपिंडं यासाठी की ती आणि गर्भाशयाची वाट पोटात एकाच सुमारास घडतात, एकात दोष असला तर कधीकधी दुसऱ्यातही असतो. हिचं बाकी सगळं ठीक होतं.

मग भूल देऊन छोटं ऑपरेशन. पडद्याला मधोमध छेद देतात, कडेचा जास्तीचा भाग काढतात आणि कडांना आपोआप विरघळणारे टाके घालतात, म्हणजे तोंड पुन्हा मिटत नाही. आईला सांगितलं की आतून सुमारे अर्धा लिटर रक्त निघालं, दाट, काळपट तपकिरी, काकवीसारखं. ते नासलेलं रक्त नव्हतं. जुनं झालं की रक्ताचा रंग तसा होतो. मुलगी दुसऱ्या दिवशी घरी आली.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. असा फुगलेला पडदा दिसला म्हणून कुणी छोट्या दवाखान्यात सुई टोचून रक्त काढतो म्हणालं, तर तयार होऊ नका. सुईचं भोक मिटतं, दाट रक्त पूर्ण निघत नाही, आणि साठलेल्या रक्तात जंतू शिरले की संसर्ग गर्भाशय आणि गर्भनलिकांपर्यंत चढतो. पोट चोळून गोळा बसवणाऱ्या बाईकडेही नेऊ नका.

शिवाय अडथळा दर वेळी या पातळ पडद्याचाच असतो असं नाही. कधी योनीमार्गात वरच्या बाजूला जाड आडवा पडदा असतो. तेव्हा बाहेर निळा फुगवटा दिसत नाही, नुसतं पाहून काही कळत नाही, दुखणं मात्र तसंच दर महिन्याला येतं. अशा मुलीला सोनोग्राफीबरोबर एमआरआय लागू शकतो आणि ऑपरेशनही अवघड असतं, कारण ती वाट आकसून पुन्हा बंद व्हायची भीती असते. ते अशी ऑपरेशनं करणाऱ्या मोठ्या रुग्णालयातच, वैद्यकीय महाविद्यालयाच्या ठिकाणी करून घ्यावं. म्हणून "बाहेरून सगळं ठीक दिसतंय" एवढ्यावर परत यायचं नाही, सोनोग्राफीची चिठ्ठी मागायची.

घरी आल्यावर आठवडाभर हिला काळपट स्राव जात होता. तो जायलाच हवा. स्वच्छ पॅड किंवा उन्हात वाळवलेलं सुती कापड घ्यायचं, आत काही घालायचं नाही, आंघोळ रोज करायची. ताप आला, स्रावाला घाण वास आला, पोट पुन्हा दुखायला लागलं तर लगेच परत न्यायचं. पुढच्या महिन्यात तिला लाल रक्ताची साधी पाळी आली. समजा तारीख आली, कळा आल्या आणि बाहेर काहीच आलं नसतं, तर वाट पुन्हा मिटत असल्याची शंका घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायला हवं होतं.

बैठकीत बायांनी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले ते लग्नाबद्दल. पडदा कापला, आता पोरीचं कसं? अहो, बंद पडदा घेऊन ना पाळी येते, ना संसार होतो, ना मूल. ज्या मुलींना भोक असतं त्यांच्यात जशी वाट असते, तशी हिची झाली, एवढंच. पडद्यावरून मुलीचं काही ठरवता येत नाही, कारण तो प्रत्येकीचा वेगळा असतो. तरीही डिस्चार्ज कार्ड आणि सोनोग्राफीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. पुढे बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना तो उपयोगी पडतो. मूल होण्याबद्दल विचाराल तर पातळ पडद्याच्या बाबतीत, वेळेवर वाट मोकळी झाली तर पुढे सहसा अडचण येत नाही. महिनोन् महिने रक्त अडून राहिलं तर ते नळ्यांमधून उलट पोटात जातं, आत चिकटतं, मग दुखणं मागे राहू शकतं.

आता त्या ताईच्या प्रश्नाकडे. तेरा वर्षांची आहे, छाती भरायला लागली आहे आणि काही दुखत नाही, तर थांबायला हरकत नाही. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी नाही, किंवा छाती भरायला लागून तीन वर्षं झाली तरी नाही, तर दाखवायचं. तेरा पूर्ण झाली आणि छातीच आली नाही, तरी दाखवायचं, त्याची कारणं वेगळी असतात. पण पाळी नाही आणि दुखणं दर महिन्याला येतंय, तर पंधराची वाट बघायची नाही, मुलगी अकराची असली तरी. दोन-तीन महिने तारखा लिहा आणि त्या घेऊन जा. दुखणं जोराचं असेल किंवा लघवीला त्रास असेल तर तेवढेही थांबू नका.

कुठे जायचं? आधी आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरला सांगा, त्या चिठ्ठी आणि सोबत दोन्ही देतात. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, त्यातल्या डॉक्टर बाईंशीही मुलगी बोलू शकते. सगळ्या वर्गासमोर नाही, बाजूला घेऊन. ऑपरेशनच्या खर्चाची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधीच करा आणि रेशनकार्ड, आधार बरोबर न्या. अठराच्या आतली मुलगी असल्याने आई किंवा वडिलांची सही लागते, म्हणून दोघांपैकी एक जण सोबत हवाच.

या मुलीला एक बहीण आहे, नऊ वर्षांची. हा दोष क्वचित एकाच घरात दोघींना असतो, म्हणून डॉक्टरांनी तिलाही बघितलं. तिचं सगळं ठीक आहे. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आता मोठीसाठी लाल पेन ठेवलं आहे, आणि पाळीच्या तारखा ती मुलगी स्वतःच लिहिते.