आपला नंबर लोकांच्या यादीतून कसा काढायचा

(घनसावंगी येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका सीआरपी ताईंनी केलेलं बोलणं)



मागच्या महिन्यात तीर्थपुरीकडच्या एका गटातल्या ताई माझ्याकडे आल्या. पापड आणि काळा मसाला करतात. म्हणाल्या, "रात्री अकरा-अकराला अनोळखी माणसांचे फोन येतात. मालक म्हणतात, नंबरच बंद कर." आता त्याच नंबरावर त्यांचं बँकखातं, गॅसची नोंदणी, गिऱ्हाईक सगळं. बंद कसा करणार?

नंबर पसरला कुठून ते आधी शोधलं. गूगलवर त्यांचा दहा आकडी नंबर टाकला. भाच्यानं हौसेनं गूगल मॅप्सवर घराची "दुकान" म्हणून नोंद केली होती, त्यात हाच नंबर. दुसरं ठिकाण ट्रूकॉलर. तिथं त्यांच्या नावाऐवजी कुणीतरी भलतंच नाव सुचवलेलं होतं. ते मी इथं सांगत नाही.

ताई म्हणाल्या, "मी तर ते अ‍ॅप कधीच काढून टाकलं." इथंच बहुतेकींची चूक होते. अ‍ॅप काढलं म्हणजे आपल्या फोनमधून गेलं, त्यांच्या यादीतून नाही. ज्या बाईनं ते अ‍ॅप कधी घेतलंच नाही, तिचाही नंबर यादीत असू शकतो, कारण दुसरे लोक नावं सुचवतात, स्पॅमचा शिक्का मारतात.

आधी मॅप्सची नोंद घेतली, कारण मूळ तिथं होतं. भाच्याच्याच खात्यातून नोंद झालेली, म्हणून त्याला बसवून नंबर काढायला लावला. नोंद कुणी केली हेच माहीत नसेल, तर ती नोंद उघडून Suggest an edit दाबायचं आणि बदल सुचवायचा. गूगल तो तपासतं, लगेच होईलच असं नाही.

मग ट्रूकॉलर. यात क्रम महत्त्वाचा. खातं चालू असेल तर आधी ते बंद करावं लागतं. ताईंचं अ‍ॅप काढलेलं होतं पण खातं जिवंत होतं, म्हणून पुन्हा अ‍ॅप टाकून आत जावं लागलं. Settings मध्ये Privacy Center, त्यात Deactivate. खातं बंद झालं की अ‍ॅप काढायचं. मग फोनच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकायचा:

```
www.truecaller.com/unlisting
```

तिथं +91 लावून नंबर लिहायचा, आपण माणूस आहोत याची खूण करायची आणि Unlist दाबायचं. साधारण एक दिवस लागतो. दोन सिम असतील तर दोन्हींचं वेगवेगळं करायचं. आणि नंतर पुन्हा त्याच नंबरावर खातं उघडलं, तर नंबर परत यादीत जातो, हे लक्षात असू द्या.

बाकी छोट्या-मोठ्या डिरेक्टऱ्याही असतात, एक दुसरीचं उचलते. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 प्रमाणे अशा साइटनं तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवायचा असतो, तक्रार मिळाल्याची पोच 24 तासांत द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निकाल लावायचा असतो. म्हणून तोंडी सांगू नका, मेल करा. पानाचा फोटो जोडा, "हा माझा खासगी नंबर आहे, काढा" एवढंच लिहा.

यासाठी पैसे लागत नाहीत. "तुमचा नंबर काढून देतो, आलेला ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो ठेवून द्या. त्या ओटीपीनं आपलंच खातं दुसऱ्याच्या हातात जातं. पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करा.

पण एक विचार करा. नंबर काढला की नवं गिऱ्हाईक आपलं नावही पाहू शकत नाही. माझं मत असं, की गटाचा एक वेगळा नंबर ठेवावा, पाकिटावर, मॅप्सवर तोच छापावा, आणि घरचा नंबर कुठंच द्यायचा नाही. ताईंच्या गटानं अध्यक्षांच्या नावावर दुसरं सिम घेतलं, संध्याकाळी सातनंतर ते बंद असतं. ज्या पाकिटांवर जुना नंबर छापलाय ती संपेपर्यंत थोडे फोन येतीलच.

तिसऱ्या दिवशी आम्ही तपासलं. माझ्या फोनवर बघून उपयोग नव्हता, माझ्याकडे ताईंचा नंबर सेव्ह आहे, त्यामुळे मला नाव दिसणारच. कुंभार पिंपळगावच्या एका मैत्रिणीला नंबर पाठवला, तिच्याकडे तो सेव्ह नव्हता. तिनं ट्रूकॉलरमध्ये शोधला. नाव आलं नाही. मॅप्सवरची नोंद मात्र अजून आहे, फक्त नंबर गेलाय. ती नोंदही काढायला भाच्याला सांगितलंय, दिवाळीला आला की पुन्हा बसवते.