एकट्याच्या कार्यक्रमाची भाषा-वही



बारामतीत दोन सामुदायिक रेडिओ केंद्रं आहेत. एक विद्या प्रतिष्ठानचं ‘वसुंधरा वाहिनी’ आणि दुसरं कृषी विज्ञान केंद्राचं ‘शारदा कृषी वाहिनी’. अशा केंद्रावर संहिता लिहिणारा एक असतो, वाचणारा दुसरा असतो आणि ध्वनिमुद्रण ऐकणारा आणखी कुणी असतो. एखादं वाक्य कार्यक्रमाला शोभत नसेल, तर कुणी ना कुणी टोकतंच. आता मात्र बारामती-इंदापूरच्या गावागावांत मोबाइलवर स्वतःचा कार्यक्रम चालवणारे लोक आहेत. विषय शोधणं, लिहिणं, बोलणं, जोडकाम करणं, सगळं एकट्यानं. टोकायला कुणीच नाही. मग पहिल्या महिन्यात पारावर बसून बोलणारा माणूस तिसऱ्या महिन्यात परिपत्रक वाचायला लागतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. त्याला टोकण्याचं काम एक लहानशी वही करू शकते. ती कशी लिहायची, ते आज पाहू.

समजा, इंदापूर तालुक्यातला एक डाळिंब बागायतदार दर आठवड्याला पाच मिनिटांचा कार्यक्रम करतो. वही लिहायला बसल्यावर पहिल्यांदा सुचतं ते असं : भाषा सोपी हवी, आपुलकीची हवी, विश्वासाची हवी. ही यादी फुकट जाते, कारण रात्री अकरा वाजता संहिता लिहिताना तिच्यातून पुढचं वाक्य मिळत नाही. त्यापेक्षा त्यानं आपलेच लोकांना आवडलेले चार-पाच जुने भाग काढावेत आणि कागदावर लिहिलेलं नव्हे, तर प्रत्यक्ष तोंडून गेलेलं जसंच्या तसं उतरवून काढावं. चांगल्या भागात आपण लिहिलेलं सोडून काहीतरी वेगळंच बोललेलो असतो. वहीचा कच्चा माल तिथंच सापडतो.

त्या उताऱ्यांतून चार गोष्टी ठरवायच्या.

पहिली, समोर कोण आहे. नीरा डाव्या कालव्याखालचा बागायतदार आणि बारामतीच्या जिरायती पट्ट्यात टँकरची वाट पाहणारा शेतकरी, दोघंही हाच कार्यक्रम ऐकतात. “आठ दिवसांनी पाणी द्या” हे वाक्य एकाला सल्ला वाटतं, दुसऱ्याला टोमणा. म्हणून वहीत लिहायचं : पाण्याचा सल्ला देताना आधी “ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी” म्हणायचं आणि पाणी नसणाऱ्यासाठी निदान एक वाक्य ठेवायचं.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. भाषा घसरते ती सगळ्यात आधी इथं. माहितीपत्रक समोर ठेवून लिहिलं, की “फवारणी करावी”, “दक्षता घ्यावी” अशी वाक्यं येतात. वहीत नियम असा : सल्ला असेल तर “तुम्ही करा”, सगळ्यांची अडचण असेल तर “आपण”, आणि “शेतकऱ्यांनी करावे” कधीच नाही. शिवाय संहिता बोलीतच लिहायची. “केले” नाही, “केलं”. कारण कागदावर जे असेल तेच वाचताना तोंडातून निघतं.

तिसरी गोष्ट नावांची आणि मापांची. रोगाचं नाव एका आठवड्यात तेल्या, दुसऱ्यात तेलकट डाग आणि तिसऱ्यात जिवाणूजन्य करपा असं आलं, तर ऐकणाऱ्याला तीन रोग वाटतात. वहीत एक नाव पक्कं करायचं : तेल्या. दुसरं नाव औषधाच्या वेष्टनावर असेल, तर एकदाच सांगायचं. मापाचंही तसंच. आधी लिटरला किती ते सांगायचं, मग पंपाला. लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30 ग्रॅम. हा क्रम कधी बदलायचा नाही, कारण ऐकणारा बागेत उभा राहून ऐकत असतो आणि त्याच्या हातात पेन नसतं.

चौथी, खात्री किती दाखवायची. “हमखास”, “शंभर टक्के” हे शब्द वहीत बाद. जे स्वतःच्या बागेत पाहिलं त्याला “माझ्याकडे असं झालं”, जे संशोधन केंद्राची शिफारस आहे त्याला “शिफारस अशी आहे”. जाहिरात असेल तर सुरुवातीलाच एक ठरलेलं वाक्य : “या भागासाठी कंपनीनं पैसे दिलेत.” जाहिरात आहे हे उघड सांगावं, अशा सूचना एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं 2021 मध्येच दिल्या आहेत. कंपनीनं लिहून दिलेला मजकूरही आपल्याच वाक्यांत उतरवायचा, नाहीतर त्या एका मिनिटात माणूस बदलल्यासारखं वाटतं.

आता एक वाक्य या वहीतून काढून पाहू. पत्रकात असतं तसं वाक्य : “तेलकट डाग रोगाच्या व्यवस्थापनाकरिता रोगग्रस्त फळे व फांद्या गोळा करून नष्ट कराव्यात तसेच छाटणीची अवजारे निर्जंतुक करावीत.” हेच वहीप्रमाणे : “तेल्या आलेली फळं झाडाखाली टाकून ठेवू नका. रोगट फांद्या कापा. सगळं गोळा करा. बागेबाहेर नेऊन जाळा. एक झाड छाटलं की दुसऱ्याला लावायच्या आधी कात्री निर्जंतुक करून घ्या. कात्रीवरून तेल्या पुढच्या झाडावर जातो.” शब्द वाढले, पण प्रत्येक वाक्यात एकच काम आलं आणि कारण शेवटी आलं. “कारण शेवटी, एका वाक्यात” हीसुद्धा त्याची जुनीच सवय निघाली, तर तीही वहीत लिहायची. नियमापेक्षा अशी जोडी जास्त उपयोगी पडते : डावीकडे “असं नाही”, उजवीकडे “असं”. दहा-बारा जोड्या पुरतात.

गारपीट झाली, भाव कोसळला, अशा आठवड्यात काय करायचं तेही आधीच लिहून ठेवावं. अशा वेळी विनोद बंद, नेहमीचा नमस्कार कायम, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात सल्ला नाही, फक्त काय झालं ते. बोलण्याचा सूर प्रसंगाप्रमाणे बदलेल. वर ठरवलेल्या चार गोष्टी बदलायच्या नाहीत.

वही दोन पानांपेक्षा मोठी झाली, की ती कुणी उघडत नाही. लिहायला बसण्याआधी ती वाचायची, आणि लिहून झाल्यावर संहिता मोठ्यानं वाचताना पुन्हा समोर ठेवायची. पाच मिनिटांना साधारण 550 ते 600 शब्द बसतात. त्याहून जास्त लिहिलं, तर माणूस घाईनं वाचतो आणि घाईत आधी “आपण” गळतं, मग कारणं गळतात.

वही काम करते का, ते तपासायला तीन महिन्यांनी पहिली, सहावी आणि बारावी संहिता घ्यायची. तारखा झाकून, मधला एकेक परिच्छेद घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवायचा आणि विचारायचं : यातला वेगळा कोणता वाटतो? ज्याच्याकडे बोट जाईल, त्यात बहुधा पत्रकातलं “करावे” तरी सापडेल किंवा कंपनीचा मजकूर तरी. एखादा नियम मात्र आपणच सारखा मोडत असू आणि मोडल्यावर ऐकायला बरं वाटत असेल, तर नियम चुकलाय. तो खोडायचा, नवा लिहायचा आणि शेजारी तारीख टाकायची.

या वहीनं चुकीची माहिती बरोबर होत नाही, हेही लक्षात ठेवा. औषधाचं प्रमाण चुकलं, तर ते ओळखीच्या आवाजात सांगितल्यामुळे लोक उलट जास्त विश्वासानं फवारतील. म्हणून प्रत्येक आकडा वेष्टनाशी किंवा शिफारशीशी ताडून मगच वाचा, आणि हा नियम वहीत सगळ्यात वर लिहा.