दूध आटलं म्हणून कर्ज अडलं, तर साहेबांना पत्र कसं लिहायचं?

आज बोलायचंय कर्जाच्या नामंजूर झालेल्या अर्जाबद्दल.

एका ताईचं उदाहरण घेऊ. तिच्याकडे दोन म्हशी. तिसरी घ्यायला तिनं ऑगस्टच्या सुरुवातीला बँकेकडे 80 हजार रुपये मागितले. साहेबांनी खातेउतारा बघितला. दर दहा दिवसांनी जमा होणारं डेअरीचं बिल 10 जूनला थांबलेलं, पुढे सगळं कोरं. शेरा पडला, "उत्पन्न नियमित नाही."

आता हे कोरे महिने का आले, ते आपल्याला माहीत आहे. म्हैस साधारण 310 दिवस गाभण राहते आणि विण्याआधी दोन महिने तिला आटवावं लागतं. शिवाय म्हशी बहुतेक पावसाळ्यात नि दिवाळीच्या आसपास वितात, त्यामुळे दोन्ही एकदमच भाकड राहतात. व्याल्यावर पहिले चार-पाच दिवस चीक, तो डेअरी घेत नाही. पण उताऱ्यावर यातलं काही लिहिलेलं नसतं. तिथे धंदा बंद पडलेला आणि म्हैस आटलेली, दोन्ही सारखंच दिसतं.

पत्र लिहिण्याआधी नकाराचं कारण लेखी मागून घ्या. ते लेखी कळवावं असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. कारण महत्त्वाचं, कारण जुन्या थकबाकीमुळे किंवा सिबिलमुळे नकार असेल, तर म्हशीची कहाणी लिहून उपयोग नाही. तिथे आधी ती थकबाकी मिटवावी लागेल.

आपल्या ताईचं कारण उत्पन्नाचं होतं. म्हशी व्याल्या, दोन महिन्यांची बिलं खात्यावर आली, मग तिनं असं पत्र लिहिलं:

"मा. कर्ज अधिकारी यांस, सप्रेम नमस्कार. माझा म्हैस खरेदीचा अर्ज उत्पन्न नियमित नसल्याने नामंजूर झाला. त्याचा फेरविचार व्हावा ही विनंती. 10 जून ते 20 ऑगस्ट या काळात माझ्या दोन्ही म्हशी भाकड होत्या. त्यांचे रेतन मागील ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाले व त्या ऑगस्टच्या मध्यास व्याल्या. 21 ऑगस्टपासून दूध पुन्हा डेअरीस जात आहे. दूध चालू असते तेव्हा महिन्यास सरासरी 10,800 रुपये बिल होते. पेंड, चारा व औषध यांस 6,000 जाऊन 4,800 उरतात. हप्ता अंदाजे 2,660 रुपये येईल. पुढेही दोन महिने खंड पडेल, त्यासाठी दूध चालू असताना दरमहा 550 रुपये वेगळे ठेवीन. नवी म्हैस ताजी व्यालेली, माझ्या म्हशी आटण्याच्या सुमारास घेणार आहे, म्हणजे त्या काळातही दूध राहील."

या पत्रातलं मला सर्वात पटलेलं वाक्य म्हणजे "पुढेही खंड पडेल." पुष्कळ जणी तिथे लिहितात, आता अडचण राहिली नाही. साहेब रोज असली पत्रं वाचतात. पुढच्या जूनमध्ये हप्ता कुठून येणार, हाच त्यांचा प्रश्न असतो. साडेपाचशे गुणिले दहा महिने म्हणजे साडेपाच हजार, दोन हप्ते त्यात बसतात. हे गणित पत्रातच असलं की त्यांना विचारावं लागत नाही. आणि हो, आजारपण, मुलीचं लग्न, घरातली भांडणं यातलं काही लिहू नका. वाईट वाटून कर्ज मंजूर होत नाही.

सोबत काय जोडायचं? डेअरीकडून मागच्या वर्षभराच्या बिलांचा सही-शिक्क्याचा उतारा. मागच्या वर्षीही खंड त्याच सुमारास पडलेला दिसला तर उत्तमच, कारण मग ते ऋतूचं चक्र ठरतं. पशुवैद्यकीय दवाखान्यातून रेतनाच्या तारखेचा दाखला, त्यावर म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर हवा. बचत गटाचं कर्ज फेडलं असेल तर गटाच्या पासबुकाची प्रत. पत्रातल्या तारखा या कागदांशी जुळवून बघा. पत्रात 10 जून आणि डेअरीच्या उताऱ्यात 30 जून असेल, तर खरं बोलणारीवरही संशय येतो.

दूध रोखीनं घरोघर घालत असाल, तर मात्र अडचण आहे. ते उत्पन्न कागदावर कुठेच नसतं. अशा वेळी चार-सहा महिने तरी दूध डेअरीला घालून बिल खात्यावर घ्या, मगच फेरअर्ज करा.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक बँकेत द्या, दुसरीवर तारखेसह पोचेचा शिक्का मारून घ्या आणि ती पासबुकाच्या पिशवीत ठेवा. दोन आठवड्यांनी विचारायला जाल, तेव्हा तीच प्रत हातात असू द्या.