फोन ठेवल्यानंतरचं एक मिनिट

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली आता कॉल सेंटरमध्ये कामाला लागल्यात. मीही तिथे नव्या मुलींना शिकवते. बोलायला त्या लवकर शिकतात. अडतं ते फोन ठेवल्यानंतर.

फोन ठेवला की पुढचा फोन येण्याआधी नोंद पुरी करायला थोडा वेळ मिळतो. कुठे तीस सेकंद, कुठे एक-दोन मिनिटं. त्याला रॅप-अप म्हणतात. पडद्यावर यादी येते: माहिती दिली, तक्रार नोंदवली, फोन तुटला, परत फोन करायचा, इतर. त्यातला एक कोड निवडायचा आणि दोन ओळी लिहायच्या. बऱ्याच ठिकाणी वेळ संपला की पुढचा फोन आपोआप येतो, म्हणून मुली घाईत पहिलाच कोड दाबून मोकळ्या होतात.

आता समजा, एका बाईंचा फोन आला. गॅसचं सिलिंडर 14 तारखेला पोहोचलं असा मेसेज आलाय, पण घरी सिलिंडर नाही आणि ओटीपीही त्यांनी कुणाला दिलेला नाही. मुलीने नीट ऐकलं, "एजन्सीला कळवते" म्हणाली आणि कोड दाबला "माहिती दिली". या कोडाचा अर्थ, बाईंनी विचारलं, उत्तर मिळालं, काम संपलं. तक्रार नोंदलीच नाही, तर एजन्सीकडे जाणार काय? आठ दिवसांनी बाई परत फोन करतात, दुसरी मुलगी उचलते, आणि तिच्या पडद्यावर सगळं आलबेल दिसतं!

इथे आधी तक्रार नोंदवायची, तिचा क्रमांक घ्यायचा, मग कोड "तक्रार नोंदवली". नुसता कोड दाबून बहुतेक ठिकाणी तक्रार तयार होत नाही. कोड त्या फोनचा असतो, तक्रारीची नोंद वेगळी. फोनची नोंद लगेच बंद होते. तक्रार मात्र सिलिंडर हाती येईपर्यंत उघडीच राहायला हवी.

आणि लिहायचं काय? "ग्राहक नाराज, बघावे" हे वाचून पुढच्या माणसाला काहीच करता येत नाही. "14 तारखेला पोहोच दाखवली, सिलिंडर मिळालं नाही, ओटीपी दिलेला नाही, ग्राहक दुपारी 4 नंतर घरी" एवढं पुरे. हे फोन चालू असतानाच टिपायचं आणि बाईंना वाचून दाखवायचं. चूक तिथेच सुधारते, रॅप-अपचा वेळही वाचतो.

बोलणं अर्धवट तुटलं तर "फोन तुटला" हाच कोड, आणि आपणच परत फोन लावायचा. "इतर" मात्र खरोखर कुठेच न बसणाऱ्या फोनसाठी. महिन्याच्या अहवालात "इतर" फुगलं, तर लोक कशासाठी फोन करताहेत हेच वरच्यांना दिसत नाही.

तुम्ही स्वतः फोन कराल तेव्हा ठेवण्याआधी विचारा, "ताई, तक्रार क्रमांक काय, आणि तुम्ही काय लिहिलंत?" क्रमांक मिळाला नाही, तर तक्रार अजून नोंदलेली नाही असंच धरा आणि नोंदवायला सांगा.