सही करण्याआधी

(ग्रामीण स्त्रियांच्या जमीनहक्कावर काम करणाऱ्या एका संस्थेच्या मदतीसाठी आयोजित केलेल्या स्नेहभोजनात संस्थापक कार्यकर्तीचा परिचय करून देताना केलेलं हे भाषण. तिच्या इच्छेवरून तिचं व गावाचं नाव छापलेलं नाही.)



पानं वाढायला अजून वीस मिनिटं आहेत, असं स्वयंपाकघरातून कळलंय. त्यातली दहा माझी, दहा ताईची. जेवणाआधी बोलायचं हे आम्ही मुद्दाम ठरवलं. पोट भरल्यावर कुणाचं दुःख ऐकवलं, की ऐकणाऱ्याला उगाच अपराधी वाटतं, आणि त्या वाटण्यातून खिशात हात जातो. तसं आज व्हायला नको आहे.

ताईचा परिचय करून द्यायचं ठरलं तेव्हा मी तिच्याकडे गेले आणि तीन गोष्टी विचारल्या. काय सांगू, काय सांगू नको आणि कुठे थांबू? तिनं मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं. "माझ्या भावाला खलनायक करू नकोस. आई कशी रडली ते सांगू नकोस. आणि मी जिंकले असं सांगू नकोस, कारण मी जिंकले नाही."

हे विचारायला मी एका चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी असाच एक कार्यक्रम होता. नवरा गेलेल्या एका तरुण बाईला आम्ही व्यासपीठावर बसवलं होतं. परिचय मी करून दिला. तिचं लग्न, मारहाण, कर्ज, नवऱ्याचा मृत्यू, सगळं सांगितलं. सभागृह रडलं, पाकिटं फिरली, पैसे चांगले जमले. परतताना एसटीत ती मला म्हणाली, "बाई, एवढं सगळं सांगणार आहात हे मला माहीत नव्हतं. माझ्या मुलाच्या शाळेतल्या मॅडम तिथं बसल्या होत्या." त्यानंतर ती आमच्या बैठकीला आली नाही. मी तिची गोष्ट तिला न विचारता वापरली होती. चांगल्या कामासाठी वापरली, एवढाच काय तो फरक.

म्हणून आज ताईनं सांगू दिलं तेवढंच सांगते.

ताईचे वडील १९९६ साली गेले. कोरडवाहू आणि थोडी विहिरीवरची अशी सहा एकर जमीन त्यांच्या नावावर होती. मागे आई, एक मुलगा आणि ही एक मुलगी. तेव्हा तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. तेराव्यानंतर महिन्याभरात भाऊ तिला न्यायला सासरी आला. वहिनीनं नवं लुगडं घेऊन ठेवलं होतं. सकाळी सगळे जीपमधून तालुक्याला, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गेले. कागद तयारच होता. भाऊ म्हणाला, "नावं कमी झाली की सोसायटीचं कर्ज लवकर मिळेल. आत्ता सही कर, साहेब दोनला उठतात." ताई सातवी शिकलेली. तिला वाचता येत होतं. पण वडील जाऊन दोन महिने झालेले, आई शेजारी गप्प बसलेली आणि भाऊ घाईत. त्यात कागद मागून घेऊन वाचणं म्हणजे भावावर अविश्वास दाखवणं. तिनं सही केली. आईनं अंगठा केला. मग सगळ्यांनी हॉटेलात भजी खाल्ली.

तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र. त्यात लिहिलेलं असतं की, मी स्वखुशीनं, कोणताही मोबदला न घेता, माझा हिस्सा सोडत आहे.

वडिलांच्या नावावरच्या मिळकतीत विधवा, मुलगा आणि मुलगी यांना सारखा हिस्सा, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही जन्मतः मुलाइतका हक्क मिळाला. पण ताईच्या घरात तोवर थांबायची गरजच नव्हती. सहा एकरांपैकी दोन आईचे होते, दोन तिचे. एका सकाळीत दोघींचेही गेले.

तीन वर्षांनी तिचा संसार मोडला आणि ती माहेरी आली. आई तेव्हा आपल्याच रानात मजुरांबरोबर कांदा काढत होती, आणि आठवड्याला सुनेकडे पैसे मागत होती. ताईनं तलाठ्याकडून सातबारा काढला. त्यावर एकच नाव होतं. वकील गाठायला, पैसे जमवायला आणि मुख्य म्हणजे भावाविरुद्ध जायला मन धजावायला आणखी पाच वर्षं गेली. वकिलांनी सांगितलं, नोंदणी झालेला दस्त रद्द करून घ्यायचा तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. मुदत संपली होती. तिची जमीन तिला मिळाली नाही. आजही नाही. ती भावाला दर वर्षी राखी बांधते. का बांधते, ते तिला विचारू नका. तो तिचा प्रश्न आहे.

पण त्या कचेऱ्यांच्या खेपांमध्ये ती एक गोष्ट शिकली आणि त्यातूनच ही संस्था उभी राहिली. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क गेला, असं समजू नये. नाव का नाही, ते फेरफारात पाहावं.

माणूस गेला की वारस नोंदीसाठी अर्ज होतो. त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि वारस कोण-कोण याचं प्रतिज्ञापत्र जोडतात. त्यावरून तलाठी आधी वारसांच्या नोंदवहीत आणि मग फेरफार नोंदवहीत नोंद धरतात. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आता बाईचं नाव यात कुठे गळलं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. प्रतिज्ञापत्रातच बहिणींची नावं घातली नसतील, तर हक्क शाबूत असतो, कारण फेरफारानं कुणाचा मालकी हक्क निर्माणही होत नाही आणि बुडतही नाही. साध्या स्टॅम्पपेपरवर किंवा तलाठ्यासमोर जबाब देऊन "हक्क सोडला" म्हटलं असेल, तर नोंदणी नसलेल्या त्या कागदानं जमिनीवरचा हक्क जात नाही. कधी नाव असतं, पण ते 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेलं असतं. पण दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र निघालं, तर वाट फार अवघड. ताई बाईला पहिल्याच दिवशी हे सांगून टाकते. खोटी आशा लावत नाही.

एक उदाहरण सांगते, त्या मावशींच्या परवानगीनं. त्यांचे वडील २०१६ साली गेले. दोन भाऊ, दोन बहिणी. २०१९ मध्ये रस्त्यासाठी जमीन जाणार, मोबदला येणार अशी बातमी गावात आली, तेव्हा मावशी ताईकडे आल्या. सातबाऱ्यावर फक्त भाऊ होते. ताईनं फेरफाराची नक्कल आणि नोटिशीची पोच मागवली. पोचपावतीवर मावशींच्या नावापुढे वळणदार सही होती. मावशी आयुष्यभर अंगठा करत आल्या आहेत.

इथे आपण कुणीही म्हणालो असतो, चला, अपील करू. ताईनं त्यांना घरी पाठवलं. म्हणाली, "माहेर तुटू शकतं. दिवाळीला बोलावणं येणार नाही. आठ दिवस विचार करा, धाकट्या बहिणीशी बोला, मग या. नाही आलात तरी मी रागावणार नाही." मावशी अकराव्या दिवशी बहिणीला घेऊन आल्या. साठ दिवसांची मुदत कधीच उलटली होती, म्हणून उशीर माफ करण्याच्या अर्जासह प्रांताधिकाऱ्यांकडे अपील केलं. नोंद रद्द झाली, फेरचौकशी झाली आणि चौघांचीही नावं लागली. याला दोन वर्षं लागली. मोठा भाऊ अजून बोलत नाही. धाकटा बोलतो. मावशी म्हणतात, "सौदा महाग पडला, पण माझा मी केला."

मैत्रिणींनो, ताईच्या गोष्टीचा आणि या कामाचा धागा मला इथे दिसतो. ताईवर कुणी हात उगारला नव्हता. तिला नवं लुगडं मिळालं होतं, भजी मिळाली होती. प्रेम होतं, घाई होती आणि चार माणसांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. हक्क असा जातो. म्हणून संस्थेचा पहिला नियम असा, की कोणत्याही बाईनं कोणत्याही कागदावर त्याच दिवशी सही करायची नाही. आमच्या वकीलपत्रावरसुद्धा नाही. कागद घरी न्यायचा, घराबाहेरच्या कुणाकडून तरी वाचून घ्यायचा आणि मग ठरवायचं.

हा नियम त्या बायांना लावायचा आणि तुमच्यापुढे मात्र गोड जेवण ठेवून, चार माणसांसमोर पावतीपुस्तक फिरवायचं, हे आम्हाला जमणार नाही. म्हणून आज इथे कुणी पैसे मागणार नाही. देणाऱ्यांची नावं माईकवरून वाचली जाणार नाहीत. दाराशी टेबलावर एक दोन पानी पत्रक आहे. गेल्या वर्षीचा हिशोब त्यात आहे. नकलांची फी, एसटीचं भाडं, महिन्यातून दोन दिवस येणाऱ्या वकीलबाईंचं मानधन आणि फेरफार वाचायला शिकलेल्या तीन गावकार्यकर्त्यांचा पगार. कशाला पैसे कमी पडले, तेही लिहिलंय. ते घरी न्या. शंका असतील तर विचारा. द्यावंसं वाटलं तर द्या, नाही वाटलं तर जेवणाचे पैसे तुम्ही दिलेच आहेत, पोटभर जेवा.

कुणी कार्यकर्त्या मला म्हणतील, असं केलं तर पैसे कमी जमतात. जमतात कमी, खरं आहे. त्या आधीच्या कार्यक्रमात जास्त जमले होते. पण ती बाई परत आली नाही.

"कुठे थांबू?" या प्रश्नाचं ताईनं दिलेलं उत्तर राहिलं. ती म्हणाली, "माझी सही झाली तिथे थांबू नकोस. मावशींच्या सहीपाशी थांब." मावशी आता सही करायला शिकल्या आहेत. पत्रकाच्या शेवटी ती छापली आहे, त्यांना विचारून. जरा वाकडी आहे, पण त्यांची आहे.

ताई, ये. दहाच मिनिटं बोल, भात निवेल.